डेअरीतल्या एका बाटलीचं नाव: कार्बनी संयुगांचं नामकरण कसं करावं

गर्बर पद्धतीनं दुधाची फॅट काढताना नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध आणि शेवटी १ मिली अमाईल अल्कोहोल घालतात. या अल्कोहोलच्या बाटलीवर कुठे ‘आयसोअमाईल अल्कोहोल’ लिहिलेलं असतं, तर कुठे ‘३-मिथिलब्युटॅन-१-ऑल’. दुसरं नाव पाहून अनेकांना धडकी भरते. खरं तर पहिलं नाव पाठ करावं लागतं आणि दुसरं वाचता येतं. ते कसं तयार होतं, ते याच रेणूवर पाहू.

```
CH3-CH(CH3)-CH2-CH2-OH
```

आधी क्रियात्मक गट शोधा

बहुतेक जण आधी कार्बन मोजायला घेतात आणि तिथंच फसतात. आधी या रेणूत वेगळं काय आहे ते पाहा. नुसते कार्बन आणि हायड्रोजन असतील आणि सगळे बंध एकेरी असतील, तर तो अल्केन. नावाच्या शेवटी ‘एन’ येतं. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध (C=C) दिसला तर अल्कीन, शेवट ‘ईन’. एकेरी बंधांच्याच कार्बनला OH जोडलेला असेल तर अल्कोहोल, शेवट ‘ऑल’. आणि एकाच कार्बनवर दुहेरी बंधानं ऑक्सिजन आणि शिवाय OH असेल, म्हणजे COOH, तर कार्बोक्झिलिक आम्ल, शेवट ‘ऑइक आम्ल’.

यातली नेहमीची चूक म्हणजे COOH मधला OH पाहून ‘अल्कोहोलही आहे’ म्हणणं. तो OH स्वतंत्र नाही, आम्लाचाच भाग आहे. म्हणून OH दिसला की तो ज्या कार्बनवर आहे, त्याच्याकडे पाहायचं. त्या कार्बनला =O आहे का? नसेल तरच अल्कोहोल.

नुसत्या रेणुसूत्रावरून गट ओळखायला जाऊ नका. C2H6O म्हणजे सॅनिटायझरमधलं इथेनॉल असू शकतं (CH3-CH2-OH) किंवा डायमिथिल ईथर (CH3-O-CH3). पहिलं ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं खोलीच्या तापमानाला वायू असतं. अणू तेच, पण जोडणी वेगळी, म्हणून नावही वेगळं.

आपल्या रेणूत उजव्या टोकाला OH आहे आणि त्या कार्बनला =O नाही. म्हणजे नावाचा शेवट ठरला: ‘ऑल’.

मग सर्वांत लांब साखळी

आता OH असलेल्या कार्बनपासून बोट न उचलता जास्तीत जास्त किती कार्बनांवरून जाता येतं ते पाहा. इथे चार भरतात, म्हणून मूळ नाव ब्युटेन. एकाला मिथ, दोनला इथ, तीनला प्रोप, चारला ब्युट. पुढे पेंट, हेक्स. साखळी सरळच काढलेली असेल असं नाही. कंसातला CH3 वर लटकवा किंवा वळवून रांगेत आणा, चार कार्बनच भरतील. उरलेला एक कार्बन म्हणजे मिथिल शाखा.

क्रमांक गटाच्या बाजूनं

गोंधळ होतो तो इथे. OH काढून टाकला, तर हाच सांगाडा २-मिथिलब्युटेन आहे, कारण शाखेला लहान क्रमांक मिळेल त्या टोकापासून मोजतात. पण OH आला की मोजणीचं टोक बदलतं. आता OH च्या कार्बनला सर्वांत लहान क्रमांक द्यायचा आणि शाखेला उरेल तो. उजवीकडून मोजलं तर OH पहिल्या कार्बनवर आणि मिथिल तिसऱ्यावर येतो. उत्तरपत्रिकांत भेटणारं ‘२-मिथिलब्युटॅन-४-ऑल’ हे डावीकडून मोजल्याचं फळ आहे.

जोडताना शाखा पुढे, मग साखळी, मग गट: ३-मिथिलब्युटॅन-१-ऑल. आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम. जुन्या पुस्तकांत ‘३-मिथिल-१-ब्युटॅनॉल’ असं सापडलं तरी घाबरू नका. पदार्थ तोच आहे. १९९३ च्या आययुपॅक शिफारशींनी आकडा गटाच्या अगदी शेजारी आणला, एवढंच.

त्याच सांगाड्यावर गट बदलून पाहा

```
CH3-CH(CH3)-CH=CH2
CH3-CH(CH3)-CH2-COOH
```

पहिल्यात दुहेरी बंध उजव्या टोकाला आहे, म्हणून मोजणी तिथूनच: ३-मिथिलब्युट-१-ईन. दोन कार्बनांतल्या बंधासाठी त्यांपैकी लहान क्रमांकच लिहितात.

दुसऱ्यात COOH चा कार्बन साखळीत धरायचा असतो आणि तोच नेहमी क्रमांक १ असतो, म्हणून तो आकडा लिहायचीही गरज नाही. नाव ३-मिथिलब्युटॅनॉइक आम्ल. घामट मोज्यांच्या वासात याचा मोठा वाटा असतो! COOH चा कार्बन मोजायचा राहिला की ‘२-मिथिलप्रोपॅनॉइक’ असं उत्तर येतं. ही चूक पकडायला एक सोपी पडताळणी आहे: नावातले कार्बन मोजा. मिथिलचा एक आणि ब्युटचे चार मिळून पाच, सूत्रातही पाच. प्रोप असता तर चारच भरले असते.

दोन गट एकत्र आले तर

```
(CH3)2C=CH-CH2-OH
```

इथे दुहेरी बंधही आहे आणि OH पण. मान आधी आम्लाचा, मग अल्कोहोलचा, मग दुहेरी बंधाचा. म्हणून मोजणी OH कडून: ३-मिथिलब्युट-२-ईन-१-ऑल. आम्ल आणि OH एकत्र आले की आम्ल शेवटाला राहतं आणि OH ‘हायड्रॉक्सी’ होऊन पुढे जातो. दह्यातलं लॅक्टिक आम्ल असंच आहे, CH3-CH(OH)-COOH, म्हणजे २-हायड्रॉक्सीप्रोपॅनॉइक आम्ल.

बाटलीतलं खरंच तेच आहे का?

सूत्र नसेल आणि समोर नुसता द्रव असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेत दोन चाचण्या उपयोगी पडतात. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडबुडे आले तर आम्ल. नारिंगी-तांबूस ब्रोमीनचं पाणी रंगहीन झालं तर दुहेरी बंधाची शक्यता. शक्यताच, कारण फिनॉलही तो रंग घालवतं. आपलं अमाईल अल्कोहोल या दोन्ही चाचण्यांत गप्प राहतं.

आणि एक गंमत. डेअरीतल्या अमाईल अल्कोहोलच्या बाटलीत बहुधा एकच पदार्थ नसतो. त्यात CH3-CH2-CH(CH3)-CH2-OH हाही मिसळलेला असतो. OH कडून मोजा: शाखा दुसऱ्या कार्बनवर येते, म्हणजे हा २-मिथिलब्युटॅन-१-ऑल. दोघांचे उत्कलनांक इतके जवळ आहेत की ऊर्ध्वपातनानं त्यांना वेगळं करणं जिकिरीचं होतं. बाटलीवरचं ‘अमाईल’ हे जुनं नाव दोघांना एकाच घरात ठेवतं. आकड्यांचं नाव दोघांची खोली वेगळी सांगतं.