छोट्या लॉटचा नमुना काढण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी, खोकं फोडण्यापूर्वीच, एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: निर्णय या लॉटचा घ्यायचाय, की तो ज्या मशीनवर बनला त्या मशीनचा? बहुतेक जण हा प्रश्न ओलांडून थेट सूत्राकडे जातात आणि मग ‘हायपरजॉमेट्रिक बरोबर की बायनॉमियल’ यावर वाद घालत बसतात. मशीन दर नग दहा टक्के शक्यतेनं आणि मागच्या नगाशी संबंध न ठेवता बिघडवत असेल आणि प्रश्न मशीनचाच असेल, तर लॉट ४० चा असो वा ४,००० चा, नमुन्यातल्या खराब नगांची संख्या बायनॉमियलच असते. त्यात अंदाजाचा काही भाग नाही. पण समोर आलेले हेच ४० नग घ्यायचे की परत पाठवायचे, एवढंच ठरवायचं असेल, तर खराब नगांची संख्या आता ठरलेली आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. काढलेला नग आपण परत टाकत नाही, त्यामुळे प्रत्येक नगासोबत उरलेल्या ढिगाचं प्रमाण बदलतं. तिथे हायपरजॉमेट्रिक लागतं. गुणवत्ता नियंत्रणाच्या पुस्तकांत लॉट पास होण्याची शक्यता दाखवणारे ए-प्रकारचा आणि बी-प्रकारचा ओसी कर्व्ह असे जे दोन वेगळे आलेख असतात, ते याच कारणाने.

पुढचं सगळं ए-प्रकाराबद्दल, म्हणजे समोरच्या एकट्या लॉटबद्दल आहे.

आता तीन आकडे तयार ठेवा: लॉटमध्ये एकूण नग किती, तुम्ही किती काढणार, आणि किती खराब असले तर लॉट तुम्हाला नको. तिसरा आकडा टक्क्यांत नको, नगांत हवा. ‘४ टक्के खराब’ असं ४० च्या लॉटमध्ये असूच शकत नाही, कारण ते १.६ नग होतात. एक म्हणा किंवा दोन म्हणा. बायनॉमियलमध्ये ०.०४ टाकलं तर ते निमूटपणे उत्तर देतं, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

उदाहरणाला ४० व्हॉल्व बॉडी घेऊ. प्रत्येकीची पाण्याच्या दाबाखाली गळती तपासायची आहे आणि एका नगाला वीस मिनिटं लागतात. लॉटमध्ये ४ गळक्या असल्या तर तो आपल्याला नको. नमुना ८ चा, आणि एकही गळकी निघाली नाही तर लॉट पास.

हिशेब हातानं करायचा तर तो उलट्या बाजूनं सोपा पडतो. चार गळक्या बॉडी ४० पैकी कुठल्याही चार जागी असू शकतात, म्हणजे ९१,३९० प्रकारे. त्या चारही आपण न काढलेल्या ३२ मध्ये राहिल्या, असे प्रकार ३५,९६०. भागाकार ०.३९३. बायनॉमियलनं ०.९ चा आठवा घात घेतला तर ०.४३०. म्हणजे वाईट लॉट सुटून जाण्याची खरी शक्यता ३९ टक्के, आणि बायनॉमियल सांगतं ४३. फरक एवढाच, असं वाटेल. पण तपासणी किती करायची हे ठरवायला गेलात की तो वेळेत मोजावा लागतो. असा लॉट सुटण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत हवी, तर बायनॉमियल २२ नग मागतं. हायपरजॉमेट्रिकला १७ पुरतात (सुटण्याची शक्यता ९.७ टक्के). पाच नग म्हणजे टेस्ट बेंचवरचे शंभर मिनिटं. तपासताना नग फोडावाच लागत असेल, तर पाच नगांची किंमत.

यावरून ‘बायनॉमियल वापरलं तर आपण सुरक्षित बाजूला राहतो’ असं ऐकायला मिळतं. शून्य स्वीकृतीच्या योजनेत ते खरं आहे. पण एक गळकी चालेल असं ठरवा आणि नमुना ८ चाच ठेवा. हायपरजॉमेट्रिकमध्ये शून्य किंवा एक निघण्याचे प्रकार ३५,९६० अधिक ३९,६८०, म्हणजे शक्यता ८२.८ टक्के. बायनॉमियल ८१.३ सांगतं. आता धोका कमी दाखवणारं बायनॉमियल आहे! कारण असं की सरासरी दोन्हींची सारखीच, ०.८ गळक्या, पण हायपरजॉमेट्रिकचा पसारा सरासरीभोवती आवळलेला असतो. त्याचा व्हेरियन्स बायनॉमियलच्या ३२/३९ पट, म्हणजे ०.७२ ऐवजी ०.५९. स्वीकृतीची मर्यादा सरासरीच्या कुठल्या बाजूला पडते यावर फरकाची दिशा ठरते. त्यामुळे कुठलं सूत्र ‘सुरक्षित’ हे पाठ करू नका, दोन्ही काढून पाहा.

लॉट मोठा असेल तर एवढी यातायात नको. ४०० मध्ये ४० खराब आणि नमुना ८ चाच, तर खरी शक्यता ४२.७ टक्के, बायनॉमियलची ४३.०. नमुना लॉटच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बायनॉमियल चालतं, हा रूढ नियम यातूनच आला. आपल्या उदाहरणात नमुना वीस टक्के आहे, आणि १७ घेतले तर चाळीसच्याही वर.

संगणकावर करणार असाल तर फंक्शनमध्ये आकड्यांचा क्रम आधी पक्का करा. एक्सेल, पायथनचं scipy.stats आणि आर, तिघांची रीत वेगळी:

```
=HYPGEOM.DIST(0, 8, 4, 40, FALSE)
hypergeom.pmf(0, 40, 4, 8)
dhyper(0, 4, 36, 8)
```

तिन्हींचं उत्तर ०.३९३ यायला हवं. पहिल्या दोन्हींत ८ आणि ४ ची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येतं, कारण सूत्रच तसं सममित आहे. तिथे चूक झाली तरी निभावतं. फसवतं ते आर. त्याला एकूण नग नकोत, चांगले नग हवेत. सवयीनं ३६ च्या जागी ४० टाकलंत तर ०.४३४ येतं, आणि बायनॉमियलच्या ०.४३० ला ते इतकं लागून आहे की ‘बरोबरच असेल’ म्हणून पुढे जाल. इथे एक खूण उपयोगी पडते: शून्य खराब निघण्याची हायपरजॉमेट्रिक शक्यता बायनॉमियलपेक्षा कधीच जास्त नसते. जास्त आली की आकडे पुन्हा बघा.

राहिली टेबलावरची तयारी. दोन ट्रे मांडा, तपासलेले नग वेगळ्या ट्रेमध्ये, आणि लॉटचा निकाल लागेपर्यंत ते खोक्यात परत जाता कामा नयेत. नगांवर खडूनं १ ते ४० आकडे टाका आणि यादृच्छिक अंक काढून नग उचला, वरच्या थरातले हाताला लागतील तसे नकोत. चारही गळक्या बॉडी एकाच वितळीच्या आणि त्या तळाशी रचलेल्या असतील, तर वरून उचललेल्या आठांबद्दल ०.३९३ ला काही अर्थ उरत नाही. खोक्यात दोन वितळींचे नग मिसळलेले दिसले तर ते दोन लॉट समजा आणि ४० हा आकडा खोडून दोन्हींचा हिशेब नव्यानं मांडा.