हुकलेल्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज जोडीदाराला कशी पाठवली

पोटॅशियम परमँगनेटच्या प्रॅक्टिकलला माझा जोडीदार आजारी होता. रात्री त्याने रीडिंग्ज मागितली. नुसता तक्त्याचा फोटो पाठवला असता, तर त्याने पाचही बिंदूंतून सरळ रेषा काढली असती. म्हणून सरांना विचारून हा ईमेल लिहिला:

"५२५ नॅनोमीटरला, १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये, डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावून घेतलेली ही रीडिंग्ज. ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ मिलिमोलरला शोषण ०.२४, ०.४७, ०.७१, ०.९५ आलं. १.० मिलिमोलरला २.०५.

रेषेसाठी पहिली चारच घे आणि रेषा शून्यातून जाणारी काढ. उतार २.३७ येतो, म्हणजे शेवटच्या द्रावणाला २.३७ च्या आसपास शोषण यायला हवं होतं. इतक्या गडद द्रावणातून प्रकाश जेमतेम अर्धा टक्का पार होतो, आणि उपकरणातला भरकटलेला प्रकाश त्यात मिसळला की आकडा कमी दिसतो. तो बिंदू धरलास तर उतार २.१२ वर घसरेल. पण तक्त्यातून तो खोडू नकोस. आलेखावर वेगळ्या खुणेने दाखव आणि वगळल्याचं कारण लिही.

प्रत्येक द्रावणाचं रीडिंग एकदाच घेतलंय, त्यामुळे सरासरी किंवा प्रमाण विचलन देता येणार नाही. रीडिंग्ज मी घेतली, तू हजर नव्हतास, हे जर्नलमध्ये स्पष्ट लिही. सरांची तीच अट आहे. आलेख, आकडेमोड आणि निष्कर्ष तुझे तू कर."

त्याने आलेख पाठवला, त्यात पाचवा बिंदू रेषेखाली पोकळ वर्तुळाने दाखवला होता.