‘फसवलं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चारचौघांत उत्तर

गूगलवर तुमच्या दुकानाबद्दल कुणी लिहिलं, ‘किलोभर चकली मागवली, ८०० ग्रॅमच निघाली, चोर आहेत,’ तर तिथे हिशेब मांडत बसू नका. त्यांचं बिल, पत्ता तर अजिबात टाकू नका. एवढंच लिहा:

‘नमस्कार. वजन कमी भरल्याचं वाचून वाईट वाटलं. आजच तपासतो. बिल नंबर घेऊन दुकानाच्या फोनवर कॉल करा, मी स्वतः बोलेन. – मालक’

‘चोर’ला उत्तर देऊच नका, बाकीचे वाचणारे तुमचा सूर बघतात. फोनवर आधी पूर्ण ऐकून घ्या. त्यांच्याकडे माल उरला असेल तर दुकानात आणायला सांगा, त्यांच्यासमोर काट्यावर ठेवा, कमी भरला तर फरक द्या. प्रकरण मिटलं की त्याच उत्तरात तशी ओळ वाढवा, गूगलवर मालकाला उत्तर नंतर बदलता येतं. रिव्ह्यू काढा म्हणून मात्र गळ घालू नका.