अंध उमेदवाराचं कव्हर लेटर: डेटा एंट्री आणि फोन सपोर्टसाठी अर्ज करताना या चुका टाळा

डेटा एंट्री किंवा फोन सपोर्टच्या कामासाठी अर्ज करणारे अंध मित्रमैत्रिणी आपली कव्हर लेटर मला वाचायला पाठवतात. मी स्वतः अंध आहे आणि फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घेण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे. बहुतेक पत्रं शिक्षण आणि अनुभवापर्यंत नीट चालतात आणि एकाच परिच्छेदात घसरतात: जिथे दृष्टीबद्दल सांगायचं असतं तिथे.

अलीकडे फोन सपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणाचं पत्र आलं. त्यातला तो परिच्छेद असा होता:

"मी जन्मतः पूर्ण अंध आहे. अंध असूनही मी संगणक उत्तम हाताळतो. मला जॉज आणि एनव्हीडीए दोन्ही येतात. कोणतंही काम करण्याची माझी तयारी आहे. कृपया एक संधी द्यावी."

यात खोटं काही नाही. पण पत्र वाचणाऱ्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो: कॉल चालू असताना हा माणूस ग्राहकाची माहिती वाचणार कशी? त्याचं उत्तर इथे कुठेच नाही. जन्मतः की नंतर, पूर्ण की अंशतः, हा वैद्यकीय तपशील कामाला लागत नाही, तो काढून टाका. जॉज आणि एनव्हीडीए ही नावं आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत, पण भरती करणाऱ्याने ती बहुधा कधी ऐकलेली नसतात. आधी साधन काय करतं ते सांगा, नाव नंतर येऊ द्या. "असूनही" हा शब्द तर मी प्रत्येक पत्रातून खोडते, कारण तो वाचणाऱ्याला शंका घ्यायला शिकवतो.

आम्ही दोघांनी बसून तो परिच्छेद असा लिहिला:

"मी अंध आहे आणि संगणकावर स्क्रीन रीडरच्या मदतीने काम करतो. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो आणि मी सगळं कीबोर्डवरून करतो. कॉलवर असताना माझ्या एका कानात ग्राहकाचा आवाज असतो आणि दुसऱ्या कानात स्क्रीन रीडरचा, त्यामुळे बोलता बोलता मी नोंद शोधू आणि भरू शकतो. मी वापरतो तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. मात्र तो कंपनीच्या संगणकावर बसवायला आपल्या आयटी विभागाची परवानगी लागेल. निवड चाचणी संगणकावर होणार असेल, तर ती कोणत्या प्रोग्राममध्ये आहे हे कृपया आधी कळवावं."

हा परिच्छेद पत्रात तिसरा ठेवला. आधी कामाचा अनुभव, मग ग्राहकांशी बोलण्याचं एक ठोस उदाहरण आणि त्यानंतर हे.

पत्रात सांगावं की मुलाखतीपर्यंत थांबावं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत मात्र स्पष्ट आहे. या दोन्ही कामांत मुलाखतीआधीच टायपिंगची किंवा प्रोग्रामवरची चाचणी असण्याची शक्यता मोठी असते. ती स्क्रीन रीडरवर चालली नाही, तर तुम्ही नापास का झालात हे कुणालाच कळत नाही. म्हणून चाचणी असेल असं वाटलं तर पत्रातच सांगा.

जे करून पाहिलं नाही ते लिहू नका

दोन कानांत दोन आवाज घेऊन काम करणं सरावाने येतं, पण वाक्य लिहिण्याआधी ते तपासा. मित्राला फोन करायला सांगा. कॉलचा हेडसेट एका कानाला लावा, दुसऱ्या कानात साधा इअरफोन घाला आणि एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आवाजासाठी तो इअरफोन निवडा. मित्राने दहा ग्राहक क्रमांक सांगावेत. तुम्ही ते फॉर्ममध्ये भरावेत आणि प्रत्येक क्रमांक त्याला परत वाचून दाखवावा.

इथे हमखास दोन अडचणी येतात. टाइप केलेला प्रत्येक आकडा स्क्रीन रीडर बोलतो आणि त्यात ग्राहकाचा पुढचा आकडा बुडतो. कॉलपुरतं अक्षरं बोलणं `NVDA+2` ने बंद करा आणि बडबड मध्येच थांबवायची असेल तेव्हा `Ctrl` दाबा. दुसरी अडचण तुम्हाला कळतच नाही, ती मित्रालाच विचारावी लागते: त्याला मागून यंत्राचा आवाज ऐकू येतोय का? येत असेल तर इअरफोनचा आवाज कमी करा आणि माइक तोंडाजवळ आणा.

डेटा एंट्रीच्या पत्रात याच जागी वेग येतो. "टायपिंग मिनिटाला 45 शब्द" एवढ्याने फार काही कळत नाही. तो आकडा सलग मजकुराचा असतो, पण डेटा एंट्रीत एका खिडकीत वाचून दुसऱ्या खिडकीत भरायचं असतं. स्क्रीन रीडरवर ही ये-जा वेळ खाते. म्हणून स्वतःची चाचणी घ्या. एका फाइलमध्ये 50 नोंदी ठेवा, प्रत्येकीत सहा रकाने, आणि त्या दुसऱ्या फाइलमध्ये हाताने टाइप करा. समजा 40 मिनिटं लागली आणि 300 रकान्यांपैकी 3 चुकले. म्हणजे एका नोंदीला 48 सेकंद आणि 99 टक्के रकाने बरोबर. पत्रात हेच लिहा, मोजलं कसं त्यासह. आकडा कमी वाटला तरी फुगवू नका, निवड चाचणीत तो पुन्हा मोजला जाणार आहे.

"सगळं जमेल" हे आश्वासन

काही गोष्टी स्क्रीन रीडरला जमत नाहीत आणि त्या तुमच्या हातात नसतात. हाताने लिहिलेले, स्कॅन केलेले फॉर्म बघून माहिती भरायची असेल, तर अक्षरओळख करणाऱ्या प्रोग्रामवर विसंबता येत नाही. तो छापील मजकूर बराचसा वाचतो, पण हस्ताक्षरात चुकतो. दुसरा अडथळा दूरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामचा. तिथून तुमच्या पडद्यावर नुसतं चित्र येतं, कर्सर हलतो आणि स्क्रीन रीडर गप्प राहतो. अशा वेळी स्क्रीन रीडर पलीकडच्या संगणकावरही असावा लागतो.

पत्रात या अडचणींची यादी देऊ नका. एक प्रश्न पुरतो: "माहिती टाइप केलेल्या फाइलमधून भरायची आहे की स्कॅन केलेल्या कागदांवरून?" उत्तर "हस्तलिखित कागद" असं आलं, तर त्या कामाऐवजी त्याच कंपनीत फोनवरच्या कामाची जागा आहे का, हे विचारता येतं.

पेन ड्राइव्हवरून चालणारा एनव्हीडीए सोबत आणतो, असंही काही जण लिहितात. तसा तो चालतो, पण ऑफिसच्या संगणकावर अनोळखी प्रोग्राम चालवायला बऱ्याचदा बंदी असते आणि प्रशासकीय अधिकाराने उघडलेल्या खिडक्या या प्रतीला वाचता येत नाहीत. मुलाखतीपुरता तो पर्याय ठीक. पत्रात मात्र रीतसर बसवण्याचंच बोला.

कानाला न कळणाऱ्या चुका

डेटा एंट्रीच्या अर्जात शुद्धलेखनाची चूक महाग पडते आणि मराठीत ती कानाला कळत नाही. "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत" हे शब्द आवाजात जवळजवळ सारखेच येतात. पूर्ण झालेलं पत्र बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐका किंवा ब्रेल डिस्प्लेवर वाचा. दुसरीकडून चिकटवलेल्या परिच्छेदाचा फॉन्ट आणि आकार वेगळा राहतो, म्हणून प्रत्येक परिच्छेदावर `NVDA+F` दाबून तपासा. त्यानंतर एकदा डोळस माणसाला पत्र नुसतं बघायला सांगा. मजकूर त्याने बदलायचा नाही, मांडणी कुठे वाकडी दिसते तेवढंच सांगायचं.