फोन भरलाय, अ‍ॅप बसत नाही? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात बेळगावकडच्या खानापूरच्या काकू फोन घेऊन आल्या. "बँकेचं अ‍ॅप बसंना झालंय बघ. ९० एमबीचं तर आहे, आणि फोनात ३०० एमबी रिकामी दिसतेय की!"

पहिली चूक इथंच होते. अ‍ॅप उतरतं, मग उलगडून बसतं, आणि तेवढा वेळ त्याला लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त जागा लागते. शिवाय फोन स्वतःसाठीही थोडी जागा राखून ठेवतो. मी निदान १ जीबी रिकामी करून मगच अ‍ॅप घालतो.

काकूंच्या भाच्यानं आधी प्रयत्न केला होता, पण बटण चुकलं. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये `Clear cache` आणि `Clear storage` (काही फोनांत `Clear data`) ही बटणं शेजारीशेजारी असतात. कॅशे पुसली तर फक्त तात्पुरत्या फायली जातात. दुसरं दाबलं तर अ‍ॅप कोरं होतं, लॉगिनसकट. आपल्याकडं बऱ्याच घरांत फोन कन्नडमध्ये असतो आणि घाईत बटणं वाचली जात नाहीत. डेटा कायमचा जाईल असा इशारा आला, तर तिथंच मागं फिरा. काकूंच्या यूट्यूब, क्रोम आणि फेसबुकची कॅशे पुसल्यावर ७०० एमबी मोकळी झाली. पण ही जागा टिकत नाही, वापर सुरू झाला की कॅशे पुन्हा साठते. म्हणून लगेच अ‍ॅप घालून घ्यायचं.

कायमची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओंनी खाल्ली होती, ६ जीबी. ते असतात इथं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

इथं अख्खं `WhatsApp` फोल्डर उचलून मेमरी कार्डावर टाकू नका. त्यातच `Databases` मध्ये गप्पांचा बॅकअप असतो, तो जागच्या जागी राहू द्या. फक्त `WhatsApp Video` मधले जुने व्हिडिओ आधी कॉपी करा, कार्डावरून दोन-तीन चालवून बघा, आणि मगच फोनातले पुसा. पुसलेले व्हिडिओ चॅटमध्ये उघडत नाहीत, कार्डावरून बघावे लागतात, हे मी काकूंना आधीच सांगितलं. नातवाच्या बारशाचे व्हिडिओ त्यांनी स्वतः चालवून पाहिले, तेव्हाच मी पुसायला हात लावला.

पुसूनही जागा वाढली नाही, तर गॅलरीची किंवा फाइल्स अ‍ॅपची कचरापेटी बघा. पुसलेलं तिथं बहुतेक ३० दिवस पडून असतं आणि जागा अडवतं.

नवं कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात, सुट्या साठ्यासाठी वापरायचं की फोनची मेमरी म्हणून. मी सुटा साठाच निवडायला सांगतो. फोनची मेमरी केलेलं कार्ड त्या एकाच फोनात चालतं. काढून दुसऱ्यात घातलं तर काही वाचता येत नाही, आणि इकडं त्यावरची अ‍ॅपं बंद पडतात. शिवाय तसं करताना कार्ड पूर्ण पुसलं जातं.

अ‍ॅप कार्डावर हलवायचं असेल, तर त्याच्या स्टोरेजमध्ये `Change` दिसतं का बघा. दिसत नसेल तर ते अ‍ॅप हलत नाही. बँकेची अ‍ॅपं तर फोनातच ठेवावीत. काकूंचंही आता फोनातच आहे, आणि व्हिडिओ कार्डावर.