शोधनिबंधाचा सारांश एका वाक्यात सांगताना या चुका टाळा

जुलै २०२० मध्ये ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी होती. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या फलकावर मी रोज आरोग्याची एखादी खात्रीची बातमी एका वाक्यात लिहायचे. त्याच महिन्यात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरच्या उपचारांच्या चाचणीतला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवरचा निबंध प्रसिद्ध झाला. मी त्याचा सारांश वाचला आणि फलकावर लिहिलं : ‘डेक्सामेथासोनमुळे कोविडचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात.’

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातूनच विचारलं, “अगं, त्या गोळ्यांची एक पट्टी घरात आणून ठेवू का? ताप आला की लगेच सुरू करता येईल.”

त्या वाक्यातला एकही शब्द मी मनाने घातलेला नव्हता. तरीही काकांनी त्यातून काढलेला अर्थ निबंधातल्या निष्कर्षाच्या उलट होता. तेव्हापासून सारांश एका वाक्यात आणताना माझं काय चुकलं ते मी त्याच निबंधावर पुन्हा पुन्हा तपासत आले आहे.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘कोणाला’ हा शब्द गाळणं. या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या ६,४२५ रुग्णांची तुलना होती. कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं योगायोगावर सोडलं होतं. २,१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस मिळालं आणि ४,३२१ जणांवर नेहमीचे उपचार झाले. सारांशातलं मृत्यूंबद्दलचं पहिलं वाक्य सगळ्यांचा मिळून आकडा देतं : २८ दिवसांत औषधाच्या गटात २२.९ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २५.७ टक्के. घाईत असलेला माणूस इथेच थांबतो, कारण वाक्य पूर्ण झालेलं असतं आणि आकडाही हाती लागलेला असतो.

पण हा आकडा तीन अगदी वेगळ्या गटांची सरासरी आहे. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता ऑक्सिजन लागलेल्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर आले. ज्यांना श्वासासाठी काहीच आधार लागत नव्हता, त्यांच्यात मात्र औषध मिळालेल्यांचे १७.८ टक्के मृत्यू झाले आणि न मिळालेल्यांचे १४.० टक्के. काका घरीच होते, म्हणजे तिसऱ्या गटाच्याही पलीकडचे, कारण चाचणीतले सगळेच रुग्ण रुग्णालयातले होते.

हे सारांशात लपलेलं नव्हतं. निष्कर्षाच्या वाक्यात ‘बट नॉट अमंग’ असे तीन शब्द आहेत, म्हणजे ‘पण यांच्यात नाही’. माझी नजर त्यांच्यावरून घसरली. आता मी सारांश हाती घेतला की आधी ‘पण’, ‘मात्र’, ‘याउलट’ अशा अर्थाचे शब्द पेन्सिलीने गोल करते. लेखकांनी मर्यादा तिथेच सांगितलेली असते, आणि वाक्य आखूड करताना सगळ्यात आधी कात्री लागते तीही तिथेच.

दुसरी चूक आकड्यांची. माझं ‘एक तृतीयांश’ कुठून आलं? व्हेंटिलेटरच्या गटासाठी सारांशात ०.६४ असं गुणोत्तर दिलेलं आहे, म्हणजे मृत्यूचा दर साधारण एक तृतीयांशाने कमी. (४१.४ आणि २९.३ यांचा थेट भागाकार केलात तर ०.७१ येईल. चूक कोणाचीच नाही. योगायोगाने औषधाच्या गटातले रुग्ण सरासरी वर्षभराने मोठे होते, म्हणून वयाचा फरक हिशेबात धरून ०.६४ काढलं आहे.) हे गुणोत्तर एका गटाचं होतं आणि मी ते सगळ्या कोविडला लावलं. शिवाय ‘एक तृतीयांश’ ऐकून माणूस दर तीन रुग्णांमागे एक वाचला असं समजतो. प्रत्यक्षात शंभर रुग्णांमागच्या ४१ मृत्यूंमधले १२ कमी झाले, म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या साधारण आठ रुग्णांना औषध दिलं की एक मृत्यू टळतो. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये ते प्रमाण पंचविसात एक असं पडतं, असं संशोधकांनी स्वतःच जाहीर केलं होतं. शास्त्राबाहेरच्या वाचकाला ‘आठांत एक’ लगेच कळतं. गुणोत्तर जसंच्या तसं त्याच्या हाती दिलं, तर त्यामागचा मूळ आकडा तो अंदाजाने भरतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा फुगलेला असतो.

चूक लक्षात आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. नव्या मसुद्यात लिहिलं, ‘ऑक्सिजन लागत नसेल तर हे औषध मृत्यू वाढवतं.’ १७.८ आणि १४.० शेजारी शेजारी पाहिले की तसंच वाटतं. पण त्या गटाचं गुणोत्तर १.१९ आहे आणि खरं गुणोत्तर साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतं त्याचा पल्ला पुढे कंसात दिला आहे : ०.९१ ते १.५५. एकाच्या खाली फायदा, एकाच्या वर तोटा. हा पल्ला एकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, म्हणून या आकड्यांवरून तोटा झाला असं ठामपणे म्हणता येत नाही. ‘काहीच परिणाम होत नाही’ असंही म्हणता येत नाही, कारण पल्ल्याचा बराचसा भाग तोट्याच्या बाजूला आहे. प्रामाणिक शब्द एकच : ‘फायदा दिसला नाही’. ‘दिसला’ या क्रियापदात सगळी सावधगिरी मावते. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘काही अंशी’ यांची रांग लावावी लागत नाही.

शब्दांबद्दल थोडक्यात. इंग्रजी संज्ञेचा संस्कृत प्रतिशब्द दिला म्हणजे वाक्य सोपं झालं असं आपल्याकडे फार जण धरून चालतात. ‘आक्रमक यांत्रिक वायुवीजन’ हे काकांना ‘व्हेंटिलेटर’पेक्षा कठीण जातं. ‘मर्त्यता’ऐवजी ‘मृत्यू’ लिहा, ‘श्वसनसाहाय्य’ऐवजी ‘ऑक्सिजन लागणं’. जो शब्द घरात बोलला जातो तो घ्या, मग तो कुठल्याही भाषेतून आलेला असो.

मग फलकावर हे वाक्य गेलं : ‘रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या कोविड रुग्णांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला होता, त्यांच्यात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही.’ आकडा मी मुद्दाम वगळला. दोन गटांचे दोन आकडे घातले असते तर शेवटचा तुकडा वाचेपर्यंत वाचक दमला असता, आणि आमच्या इमारतीत खरी गरज त्या तुकड्याचीच होती. डॉक्टरांसाठी लिहिलं असतं तर आकडे ठेवले असते.

वाक्य बरोबर झालं की नाही हे मी मनातल्या मनात ठरवत नाही. विषयाबाहेरच्या एका माणसाला ते एकदाच वाचून दाखवते आणि विचारते, “यावरून तुम्ही काय कराल?” ‘समजलं का’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्यांच्या उत्तरातली कृती निबंधाच्या आधाराने करता येण्यासारखी नसेल, तर वाक्यात काहीतरी गळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते ‘कोणाला’ किंवा ‘कशाच्या तुलनेत’ यांपैकी एक असतं.

नवं वाक्य मी काकांना जिन्यातच वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे ही घरात ठेवायची गोळी नाही. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तर मग डॉक्टर बघतील.”

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा वारेमाप वापर, वाढलेली साखर आणि म्युकरमायकोसिस यांचा संबंध डॉक्टर रोज सांगत होते, तेव्हा तेच वाक्य मी पुन्हा फलकावर लिहिलं. फक्त क्रम बदलला. ‘ऑक्सिजन लागत नसेल तर’ हा भाग सुरुवातीला घेतला.