मागचा पाय

सांगली जिल्ह्यातल्या एका जत्रेत मातीच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना होता. आम्ही २७, समोरच्या २८. शेवटची चढाई माझी. समोर सहा जणी उभ्या होत्या, म्हणजे बोनस मिळू शकत होता. एक गुण आला की बरोबरी, मग पाच-पाच चढाया. डाव्या कोपऱ्याला हुलकावणी दिली, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टाकला आणि हात वर करून परत आले. पंचांनी बोनस दिला नाही. त्यांनी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. शिट्टी वाजली आणि सामना संपला.

घरी येताना टेम्पोत सगळ्या पंचांवर चिडलेल्या. मी गप्प. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: माझ्यामुळे हरलो. दुसऱ्या दिवशी सरावाला गेलेच नाही. आई म्हणाली, "पोरी, खेळात हार-जीत व्हायचीच." ते ऐकून तर आणखी राग आला.

नव्याने खेळायला लागलेल्या मुलींना सांगायचं ते इथून पुढचं आहे. हरल्यावर स्वतःला काय समजावायचं हे मला ठाऊक नाही. काय मोजायचं ते मात्र कळलं आहे.

तिसऱ्या दिवशी सरांनी मोबाइलवरचं चित्रीकरण दिलं. त्याच रात्री बघू नका. रडवेल्या डोळ्यांना फक्त शेवटची चढाई दिसते. मी वहीत रकाने आखले: काय दिसलं, काय ठरवलं, काय झालं. माझ्या सतरा चढाया होत्या. सहा वेळा गुण आणले, चार वेळा पकडली गेले, सात वेळा रिकामी परतले. एवढं लिहायला अर्धा तास पुरला. खरा वेळ पुढे गेला, कारण सरांनी सांगितलं, "आता शेवटच्या रकान्यावर हात ठेव आणि प्रत्येक चढाईला बरोबर-चूक लाव."

हात ठेवल्यावर सामना वेगळाच दिसायला लागला.

पूर्वार्धात आम्ही १४-९ ने पुढे होतो. त्यांच्या दोघीच मैदानात उरल्या होत्या. म्हणजे दोन गडी बाद केले की लोण, आणि लोणाचे दोन गुण वेगळे. मी हावरटासारखी आत घुसले. मागची चढाई गुणाची होती, त्यामुळे दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणायचंच हे बंधन नव्हतं. नुसती निदान रेषा ओलांडून शांतपणे परत आले असते तरी चाललं असतं. पण मला लोण माझ्या हातून हवं होतं. त्या दोघींनी मला घोट्याला धरून पाडलं. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जणी असताना पकड झाली तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण जातात. १४-११ झालं आणि त्यांची एक मुलगी आत आली. लोण लांबलं. सामना फिरला तो इथे, आणि मी तर ही चढाई पार विसरून गेले होते! शेवटचा बोनस लोकांनी पाहिला, कारण तो शेवटी होता.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. उत्तरार्धात मी उजव्या कोपऱ्यात तिघींच्या साखळीत पाय घातला, कशीबशी सुटले आणि गुण मिळाला. मैदानाबाहेर केवढ्या टाळ्या! हात ठेवून पाहिलं तर निर्णय सरळसरळ चुकीचा होता. साखळी बांधलेली दिसत असताना तिकडे जायचं नसतं. त्यांची एक मुलगी घसरली म्हणून मी वाचले. नुसता निकाल बघितला असता तर याच चढाईची आठवण मी अभिमानाने जपली असती आणि पुढच्या सामन्यात पुन्हा तेच केलं असतं.

उलट, चार पकडींपैकी एक तिसऱ्या चढाईतली होती. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यामुळे गुण आणणं भाग होतं, नाहीतर तशीही बाद. मी मध्यरक्षक बेसावध असलेली बाजू निवडली, हात लावायला गेले, तिने वेळेवर मनगट धरलं. तिथे 'बरोबर' असंच लिहिलं. समोरची चांगली खेळली, यात माझी चूक शोधत बसायची नाही.

मेहनतीचंही तसंच. "जीव तोडून खेळले" हे वाक्य सगळ्याच जणी म्हणतात, त्यातून काही कळत नाही. मी बघितलं ते एवढंच: रिकामी परतल्यावर मी बचावात जागेवर किती लवकर उभी राहते. शेवटच्या पाच-सहा मिनिटांत मी कमरेवर हात ठेवून चालत मागे जात होते. आपल्याला मेहनतीचं वाटतं एक, दिसतं दुसरं. ते लिहून ठेवलं, शिक्षा म्हणून नव्हे, तर दमसास कुठे संपतो ते कळावं म्हणून.

मग शेवटची चढाई. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे पडतो तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो. चित्रीकरण थांबवून थांबवून पाहिलं. माझा डावा अंगठा मातीत घासत गेला होता, बारीक ओरखडासुद्धा दिसत होता. पंच बरोबर होते. टेम्पोतल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या.

सरांनी इथे विचारलं, "समज, पंचांच्या नजरेतून सुटलं असतं आणि पाच-पाच चढायांत आपण जिंकलो असतो. तुझा अंगठा उचललेला असता का?"

नसता. करंडक आला असता, मिरवणूक निघाली असती, आणि पाय तसाच घासलेला राहिला असता. मी तीच, पाय तोच, निकाल तेवढा वेगळा. मग ज्या गोष्टीने मी बदलतच नाही, तिच्यावरून मी कशी आहे हे कसं ठरणार? त्या रात्री मी नीट जेवले.

गुणांचं अंतर किती फसवं असतं ते मोठ्या सामन्यांतही दिसतं. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत आपल्या महिला संघाला इराणने अंतिम फेरीत २७-२४ ने हरवलं (इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, हे आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात). हांगझोऊला झालेल्या पुढच्या खेळांत आपण चिनी तैपेईवर २६-२५ असा विजय मिळवला. एका गुणाने सुवर्ण. तो एक गुण उलटा पडला असता तर त्याच मुलींबद्दल काय काय बोललं गेलं असतं!

वहीच्या मर्यादाही सांगते. मोबाइल एका बाजूला असतो, त्यामुळे पलीकडच्या कोपऱ्यात काय झालं ते कळत नाही. तिथे अंदाजाने 'चूक' लिहू नका, जागा रिकामी ठेवा. आणि प्रत्येक सामन्यानंतर हे करू नका. मी एकदा लागोपाठ चार सामने मोजले, तर मैदानातच रकाने दिसायला लागले. आता एखादाच सामना निवडते, हरलेला आणि जिंकलेला आलटून पालटून.

त्यातून सरावात दोनच गोष्टी बदलल्या. चुन्याची रेष मारून रोज तीस बोनस, आणि मैत्रीण बाजूला उकिडवी बसून फक्त मागच्या पायाकडे बघायची. अंगठा टेकला की "माती!" असं ओरडायची. दुसरं, समोर दोघी उरल्या आणि आपण पुढे असलो की घाई करायची नाही.

तीन आठवड्यांनी पुढचा सामना सात गुणांनी हरलो. वहीत लिहिलं: बोनस तीन, तिन्ही वेळा मागचा पाय वर.